वाचलेल्या नत्राचा भाव

युरियाच्या ४५ किलोच्या एका गोणीत २०.७ किलो नत्र असते. गोणी २६६ रुपये ५० पैशांना मिळते, म्हणजे शेतकऱ्याला नत्र किलोमागे सुमारे १२ रुपये ९० पैशांना पडते. त्यातले किती पिकात उतरते हा वेगळा प्रश्न आहे. भारतातल्या भातपिकात दिलेल्या नत्रापैकी साधारण ३० ते ४० टक्केच पीक उचलते. उरलेल्यातले काही जमिनीच्या सेंद्रिय भागात अडकून राहते, बाकीचे हवेत किंवा पाण्याबरोबर निघून जाते. हे निघून जाणारे नत्र अडवण्यासाठी दोन प्रकारची खते बाजारात आहेत. एका प्रकारात नत्राचे रूप बदलणाऱ्या जिवाणूंना काही काळ रोखले जाते, दुसऱ्यात दाण्यावर आवरण चढवून नत्र हळूहळू सोडले जाते. दोन्ही साध्या युरियापेक्षा महाग आहेत. त्यामुळे त्यांची पारख गोणीच्या किमतीवरून करून भागत नाही. एक किलो नत्र वाचवायला किती जादा पैसे पडले, हे पाहावे लागते.

हा हिशेब समजण्यासाठी नत्र शेतातून कसे जाते ते आधी पाहू. युरिया ओल्या मातीत पडला की मातीतल्या युरिएज या विकरामुळे काही दिवसांतच त्याचा अमोनियम होतो. उष्ण हवेत दोन-तीन दिवसांत बराचसा युरिया फुटतो. हा बदल पृष्ठभागावरच झाला आणि जमीन विम्लधर्मी असली तर अमोनियमचा अमोनिया वायू होऊन उडून जातो. महाराष्ट्रातल्या चुनखडीयुक्त काळ्या जमिनींचा सामू बहुधा साडेसातच्या वर असल्याने हा धोका इथे मोठा आहे. मातीआड झालेला अमोनियम मात्र सुरक्षित असतो. त्याच्यावर धन भार असतो आणि चिकणमातीच्या कणांवर ऋण भार, त्यामुळे तो कणांना धरून राहतो.

पुढचे काम जिवाणूंचे. नायट्रोसोमोनास आणि त्यांचे भाईबंद अमोनियमचे नायट्राइट करतात, तर नायट्रोबॅक्टर व नायट्रोस्पिरा नायट्राइटचे नायट्रेट करतात. सर्गेई विनोग्राडस्की या रशियन शास्त्रज्ञाने १८९० च्या सुमारास हे जिवाणू वेगळे करून दाखवले. नायट्रेटवर ऋण भार असल्याने मातीचा कण त्याला धरत नाही. हलक्या, मुरमाड जमिनीत जोराच्या पावसाबरोबर तो मुळांच्या खाली निघून जातो. भारी जमिनीत पाणी साचले आणि हवा कोंडली की दुसरे जिवाणू नायट्रेटमधला प्राणवायू वापरतात व नत्र वायुरूपाने सुटते. त्यात नायट्रस ऑक्साइडही असतो. वातावरण तापवण्याच्या बाबतीत एक किलो नायट्रस ऑक्साइड शंभर वर्षांच्या हिशेबाने सुमारे २७३ किलो कार्बन डायऑक्साइडच्या बरोबरीचा आहे.

म्हणजे नत्र जाण्याच्या वाटा तीन आहेत. अमोनिया उडून जातो, नायट्रेट वाहून किंवा झिरपून जातो आणि साचलेल्या पाण्यात नायट्रेटचे वायू होतात. नायट्रीकरण रोधक शेवटच्या दोन वाटा अरुंद करतात. पहिल्या वाटेवर त्यांचा काही इलाज चालत नाही. इतकेच नाही, अमोनियम जास्त दिवस अमोनियमच राहिल्याने ती वाट थोडी रुंदही होते. जगभरच्या प्रयोगांचा एकत्रित आढावा २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात रोधकांमुळे नत्राचे झिरपणे सुमारे निम्म्याने आणि नायट्रस ऑक्साइड सुमारे ४४ टक्क्यांनी घटलेले दिसले, पण अमोनियाचे उडणे सुमारे २० टक्क्यांनी वाढलेले होते. काळ्या जमिनीवर रोधकयुक्त खत उघड्यावर फोकणाऱ्याने हा आकडा विसरू नये. एका बाजूने वाचवलेले नत्र दुसऱ्या बाजूने गमावण्याची ती रीत आहे.

रोधकांची कार्यपद्धती बहुतेक सारखीच असते. अमोनियम खाणाऱ्या जिवाणूंच्या पहिल्याच पायरीवरचे विकर ते काही काळ निकामी करतात. नायट्रापायरिन हे रसायन अमेरिकेत १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला पुढे आले. डायसायनडायमाइड, म्हणजेच डीसीडी, पाण्यात सहज विरघळते आणि त्यात स्वतःचेच ६६ टक्के नत्र असते. डीएमपीपी हे नंतरचे रसायन फार थोड्या मात्रेत, दिलेल्या अमोनियमच्या एक टक्क्याच्या आसपास, काम करते. भारतात सर्वांत जास्त पसरलेला रोधक मात्र कडुनिंब आहे. निंबोळीतली मेलियासिन वर्गातली कडू द्रव्ये या जिवाणूंना आवरतात, हे दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेत राजेंद्र प्रसाद आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७० च्या दशकात दाखवून दिले. २०१५ मध्ये केंद्र सरकारने देशात तयार होणारा सगळा युरिया कडुनिंब-लेपित करण्याचा नियम केला.

या लेपाचे प्रमाण जवळून पाहण्यासारखे आहे. खत नियंत्रण आदेशानुसार निंबतेल किमान ०.०३५ टक्के हवे, म्हणजे टनाला ३५० ग्रॅम. ४५ किलोच्या गोणीत ते सुमारे १६ ग्रॅम भरते. सुरुवातीच्या संशोधनात निंबोळी पेंड युरियाच्या वजनाच्या पाचव्या भागापर्यंत वापरली होती. महाराष्ट्रात उसाला युरिया देताना सहा भाग युरियाला एक भाग निंबोळी पेंड मिसळण्याची शिफारस आहे, त्यातही पेंडीचे प्रमाण याच्या कितीतरी पट आहे. पेंडीच्या प्रयोगांतले निकाल १६ ग्रॅम तेलाच्या गोणीला जसेच्या तसे चिकटवणे बरोबर नाही. कारखान्यात लेपलेल्या युरियाकडून माफक बचतीचीच अपेक्षा ठेवावी.

आता पैशाचा हिशेब. समजा, एक हेक्टर संकरित मक्याला १२० किलो नत्र द्यायचे आहे. लेपासाठी उत्पादकाला किमतीच्या ५ टक्के जादा आकारण्याची मुभा आहे. कर धरून ही वाढ गोणीला साधारण साडेबारा रुपये, म्हणजे नत्राच्या किलोला ६० पैसे होते. लेपामुळे १० टक्के नत्र कमी देऊनही तेवढेच उत्पन्न आले, तर १०८ किलो नत्रावर ६५ रुपये जादा खर्च झाले आणि १२ किलो नत्र वाचले. वाचलेले नत्र किलोला साडेपाच रुपयांच्या आत पडले. बचत ५ टक्केच झाली तर तोच भाव ११ रुपये ४० पैशांवर जातो. ३ टक्क्यांवर तो १९ रुपयांच्या वर चढतो आणि नवे नत्र विकत घेणेच स्वस्त ठरते. लेप आपला खर्च भरून काढतो की नाही, हे ५ टक्क्यांच्या जरा अलीकडे ठरते. लेप इतका स्वस्त आहे की थोडी बचतही पुरते. त्याचा मुख्य गुण हाच.

दुसऱ्या प्रकारच्या खतांत गंधक-लेपित युरिया भारतात नवा आहे. जुलै २०२३ मध्ये राजस्थानातल्या सीकर इथे तो युरिया गोल्ड या नावाने सादर झाला. वितळलेल्या गंधकाचा थर युरियाच्या दाण्यावर चढवण्याचे तंत्र मात्र जुने आहे. अमेरिकेतल्या टेनेसी व्हॅली अथॉरिटीने ते १९६० च्या दशकात विकसित केले. थराला असलेल्या बारीक छिद्रांतून आणि भेगांतून पाणी आत शिरते व युरिया विरघळून बाहेर येतो. उरलेला गंधक जिवाणू सावकाश सल्फेटमध्ये बदलतात आणि मग तो पिकाला मिळतो. थराचा दर्जा सारखा नसेल तर काही दाणे पहिल्याच पाण्यात फुटतात, काही हंगाम संपेपर्यंत बंदच राहतात. गोणीतल्या दाण्यांत तडे आणि चुरा जास्त दिसला तर हळू सुटण्याचा गुण तिथेच कमी झाला असे समजावे. हे खत यंत्राने फेकताना किंवा दुसऱ्या खतात घुसळून मिसळताना थर ओरखडला जातो, म्हणून ते जपून हाताळावे लागते.

युरिया गोल्डमध्ये ३७ टक्के नत्र आणि १७ टक्के गंधक असते. त्याची ४० किलोची गोणी २६६ रुपये ५० पैशांनाच ठेवली आहे. किंमत तीच दिसते, पण गोणीत नत्र १४.८ किलोच आहे, म्हणजे ते किलोला १८ रुपये पडले. कडुनिंब-लेपित युरियापेक्षा ही वाढ ५ रुपये १३ पैशांची आहे. मक्याच्या त्याच हेक्टरात २० टक्के नत्र वाचले असे धरू. ९६ किलो नत्रावर सुमारे ४९३ रुपये जादा गेले आणि २४ किलो वाचले. भाव आला साडेवीस रुपये किलो. साध्या दुकानी नत्रापेक्षा तो महाग आहे. नुसत्या नत्रावर हे खत फायद्यात यायला २९ टक्क्यांच्या आसपास बचत हवी, आणि तेवढी प्रत्येक शेतात मिळणार नाही.

पण गोणीतला ६.८ किलो गंधक हिशेबात घेतला की चित्र पालटते. १४.८ किलो नत्राची जुन्या भावाने किंमत १९० रुपये ५० पैसे होते. उरलेल्या ७६ रुपयांत गंधक आला, म्हणजे किलोला ११ रुपये २० पैसे. एवढ्या स्वस्तात गंधकाचे दुसरे खत मिळणे कठीण. माती परीक्षणात गंधक कमी आलेल्या जमिनीत, सोयाबीन किंवा तेलबियांच्या फेरपालटात तर विशेषच, गंधकाने गोणीची वाढ भरून काढली आणि वाचलेले नत्र फुकट पडले. गंधक पुरेसा असलेल्या शेतात याच खताचा वाचलेला किलो साडेवीस रुपयांचा. एकाच गोणीची दोन शेतांत दोन उत्तरे येतात, म्हणून माती परीक्षणाचा अहवाल हातात असल्याशिवाय हा निर्णय घेऊ नये.

रासायनिक रोधकांचा हिशेब अधिक कठीण आहे. उदाहरणासाठी हेक्टरी १० किलो डीसीडी, किलोला २०० रुपये दराने धरू. खर्च २,००० रुपये. १५ टक्के, म्हणजे १८ किलो नत्र वाचले तर भाव १११ रुपये होतो. २५ टक्के बचतीतही तो ६७ रुपयांच्या खाली येत नाही. १३ रुपयांचे नत्र वाचवायला शेतकऱ्याने एवढे मोजण्याचे कारण नाही, आणि तो मोजतही नाही. त्यात तापमानाची अडचण आहे. डीसीडी मातीत विघटन पावते आणि उष्णतेत हा वेग फार वाढतो. ५ अंश तापमानाला त्याची मात्रा निम्मी व्हायला सुमारे ११० दिवस लागतात, २५ अंशांना जेमतेम २० दिवस. म्हणून थंड देशांत ही रसायने ज्या कामाला येतात ते काम इथे होत नाही. अमेरिकेतल्या आयोवात मक्याचे नत्र हिवाळ्यापूर्वीच जमिनीत घालतात, तेव्हा नायट्रापायरिन ते वसंतापर्यंत राखते. तरीही आयोवाच्या पोषकद्रव्य धोरणाने त्यामुळे नायट्रेटचा ऱ्हास सरासरी ९ टक्केच कमी होतो असे धरले आहे. जूनमध्ये पेरणाऱ्या मराठवाड्यात रोधकाला फार तर पहिले तीन आठवडे काम करायचे असते. ते महत्त्वाचे आठवडे आहेत खरे, कारण मुळे अजून लहान असतात आणि पाऊस जोराचा. पण त्याच तीन आठवड्यांचे संरक्षण खताचे हप्ते पाडूनही बरेचसे मिळते, आणि त्याला खर्च फक्त मजुरीचा.

डीसीडीबाबत एक सावधगिरीची गोष्टही नोंदवली पाहिजे. न्यूझीलंडमध्ये गुरांच्या मूत्रातले नत्र झिरपू नये म्हणून ते कुरणांवर फवारत असत. २०१२ मध्ये दूधभुकटीत त्याचे अंश सापडले. आरोग्याला धोका असल्याचे दिसले नव्हते, तरी निर्यातीच्या धास्तीने जानेवारी २०१३ मध्ये त्याची विक्री थांबवण्यात आली. चाऱ्याच्या पिकावर रोधक वापरताना हा अनुभव विसरता येत नाही. प्लास्टिकसारख्या बहुवारिकाचे आवरण असलेल्या खतांचीही अशीच एक बाजू आहे. जपानच्या भातशेतीत त्यांच्यामुळे एकाच वेळी खत देऊन हंगाम निघतो, पण रिकामी कवचे मातीत आणि पाण्यात राहतात. ही खते युरियाच्या कित्येक पट महाग असल्याने इकडे ती रोपवाटिका व फुलशेतीपलीकडे फारशी गेलेली नाहीत.

नत्र हळू सोडण्याचा सगळ्यात साधा मार्ग कोकणात रुजला, आणि त्यात कुठलेही आवरण नाही. डॉ. नारायण सावंत यांच्या चारसूत्री भातशेतीतले एक सूत्र युरिया-डीएपीच्या ब्रिकेटचे आहे. ६० भाग युरिया आणि ४० भाग डीएपी दाबून २.७ ग्रॅमची उशीच्या आकाराची गोळी बनवतात. रोपे १५ आणि २५ सेंटिमीटर अशा आलटून-पालटून अंतरावर लावतात. लावणी झाली की त्याच दिवशी प्रत्येक चार चुडांच्या मधोमध बोटाने एक गोळी ७ ते १० सेंटिमीटर खोल चिखलात दाबायची आणि बोट काढताना भोक बुजवून टाकायचे. हेक्टरी ६२,५०० गोळ्या, म्हणजे सुमारे १६९ किलो. त्यातून ५९ किलोच्या आसपास नत्र आणि ३१ किलो स्फुरद मिळतो. खोल चिखलात प्राणवायू नसल्याने नायट्रीकरणाचे जिवाणू काम करू शकत नाहीत. अमोनियम अमोनियमच राहतो, वरच्या पाण्यात येत नाही म्हणून उडतही नाही, आणि मुळे त्याच्यापर्यंत पोचून त्याला हळूहळू उचलतात. बांगलादेशात ‘गुटी युरिया’ याच तत्त्वावर पसरला. फोकलेल्या युरियाच्या तुलनेत तिथे साधारण एक तृतीयांश खत वाचले आणि उत्पन्नही वाढले.

याचाही किलोमागचा भाव काढता येतो. फोकून ८८ किलो नत्र लागले असते तिथे ५९ किलोत भागले, म्हणजे २९ किलो वाचले. गोळ्या पुरायला हेक्टरी आठ मजूर आणि ४०० रुपये रोज धरला तर ३,२०० रुपये झाले, वाचलेल्या नत्राला किलोमागे ११० रुपये. नुसत्या खताच्या बचतीवर हे परवडत नाही. ते परवडते वाढलेल्या भातामुळे. क्विंटलला २,००० रुपये धरले तर दीड-दोन क्विंटल जादा भातातच सगळी मजुरी निघते. घरचीच माणसे लावणी करतात तिथे ही पद्धत टिकली आणि मजूर मिळेनासे झाले तिथे मागे पडली, त्याचे कारण या आकड्यांत आहे. भोक उघडे राहिले, गोळी वरवर दाबली किंवा लावणीनंतर चिखल घट्ट झाल्यावर दाबली, तर मात्र तिचा सगळा फायदा जातो. रेताड जमिनीत पाणी भराभर झिरपत असेल तर गोळीही नत्र टिकवत नाही.

आतापर्यंतच्या सगळ्या आकड्यांत एक अट गृहीत आहे, आणि व्यवहारात नेमकी तीच पाळली जात नाही. नत्र वाचले असे तेव्हाच म्हणता येते, जेव्हा मात्रा कमी केली किंवा तेवढ्याच मात्रेत उत्पन्न वाढले. लेपित युरिया घेऊन गोण्या पूर्वीइतक्याच टाकल्या, तर जमिनीत टिकलेले जादा नत्र पुढच्या पावसात जाते. आधीच गरजेपेक्षा जास्त युरिया टाकणाऱ्या शेतात तर रोधकाचा परिणाम दिसतच नाही, कारण पीक तिथे नत्राला उपाशी नव्हतेच. त्या शेतात पहिली बचत कसल्याही लेपाशिवाय, फक्त एक गोणी कमी करून होते.

म्हणून आपल्या शेतातली बचत आपल्याच शेतात मोजावी. एकाच जमिनीत, एकाच वाणाच्या चार पट्ट्या ठेवायच्या. एकीत नत्र अजिबात द्यायचे नाही, दुसरीत नेहमीच्या खताची पूर्ण मात्रा, तिसरीत नेहमीच्याच खताची ८० टक्के मात्रा आणि चौथीत नव्या खताची ८० टक्के. स्फुरद, पालाश आणि पाणी चारही पट्ट्यांना सारखे. तिसरी आणि दुसरी पट्टी बरोबरीत आली तर पूर्ण मात्राच जास्त होती, त्यात नव्या खताचे श्रेय काही नाही. चौथी पट्टी दुसरीच्या बरोबरीला आली आणि तिसरी मागे पडली, तरच २० टक्क्यांची बचत खरी. बिननत्राच्या पट्टीवरून जमीन स्वतः किती देते ते कळते. दाण्याचे वजन सारख्या ओलाव्यावर करायचे आणि एका हंगामावर विसंबायचे नाही, कारण कोरड्या वर्षी नत्र झिरपतच नाही आणि सगळीच खते सारखी दिसतात.

शेतकऱ्याचा हिशेब आणि देशाचा हिशेब मात्र एक नाही. आयात युरियाची किंमत टनाला ३०,००० रुपये धरली तर नत्राचा किलो ६५ रुपयांना पडतो. शेतकरी त्यातले १३ रुपयेच भरतो, बाकी अनुदान आहे. त्याशिवाय वायुरूपाने जाणाऱ्या नत्राचा भार वेगळा. आंतरराष्ट्रीय प्रमाणानुसार दिलेल्या नत्राच्या सुमारे एक टक्का नायट्रस ऑक्साइडच्या रूपाने जातो असे धरतात. १२० किलोच्या त्या मक्याच्या हेक्टरात हे ५०० किलोहून थोड्या जास्त कार्बन डायऑक्साइडच्या बरोबरीचे होते, आणि रोधकाने त्यातले दोनशेच्या आसपास टळू शकतात. त्यामुळे २० किंवा ४० रुपयांना वाचलेला किलो शेतकऱ्याला तोट्याचा आणि सरकारी तिजोरीला फायद्याचा ठरू शकतो. ही तफावत शेतकऱ्याने आपल्या खिशातून भरावी, अशी अपेक्षा ठेवणे न्याय्य नाही. बचत ज्याच्या तिजोरीत पडते, जादा खर्चही त्यानेच उचलला पाहिजे.

आजच्या भावात महाराष्ट्रातल्या शेतकऱ्यासाठी क्रम असा लागतो. वापशावर खत देऊन लगेच मातीआड करणे आणि मात्रेचे हप्ते पाडणे यांनी वाचलेले नत्र सगळ्यांत स्वस्त, आणि काळ्या जमिनीत अमोनियाची वाट त्यानेच बंद होते. कडुनिंबाचा लेप गोणीबरोबर आलेलाच आहे, त्याचा फायदा मात्रा ५ ते १० टक्क्यांनी कमी करून घ्यावा. गंधक कमी असलेल्या जमिनीत गंधक-लेपित युरिया घ्यावा, इतरत्र तूर्त नको. भातखाचरात घरचे मनुष्यबळ असेल तर ब्रिकेट. डीसीडीसारखी विकतची रसायने मात्र नत्राचा भाव १३ रुपये असेपर्यंत शेतकऱ्याला परवडणारी नाहीत.